सह्याद्रीची कड काढताना: उभा चालणारा लूप कुठे अडकतो

काम साधं होतं. दक्षिणेकडे खूप लांब उभं राहून उत्तरेकडे पाहिलं, तर सह्याद्रीची कड कशी दिसेल, ती रेषा मला काढायची होती. पश्चिमेला कोकणची सखल पट्टी, मग घाटाची चढण आणि पुढे पूर्वेला देशावरचं पठार. प्रत्येक रेखांशावर, 15 ते 21 अक्षांशांच्या दरम्यान सगळ्यात उंच ठिकाण किती मीटरवर आहे एवढं काढलं, की आलेख तयार.

उंचीची माहिती एसआरटीएमची होती. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांच्या फेरीत रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली, तीच ही माहिती. ती एक अंश गुणिले एक अंशाच्या चौकोनांत मिळते. पुणे, लोणावळा, सिंहगड हे सगळं `N18E073.hgt` या एका फाइलमध्ये येतं. फाइलमध्ये 3601 रांगा आणि प्रत्येक रांगेत 3601 उंच्या, प्रत्येक उंची दोन बाइटची. पहिली रांग उत्तरेच्या कडेची, त्यानंतर एकेक रांग दक्षिणेकडे सरकत येते. म्हणजे रांग पूर्व-पश्चिम आणि स्तंभ दक्षिणोत्तर.

मला प्रत्येक रेखांशाची, म्हणजे प्रत्येक स्तंभाची, कमाल उंची हवी होती. म्हणून जसं मनात आलं तसंच लिहिलं:

```c
for (int c = 0; c < W; c++) {
    int16_t m = INT16_MIN;
    for (int r = 0; r < H; r++) {
        int16_t v = h[(size_t)r * W + c];
        if (v > m) m = v;
    }
    top[c] = m;
}
```

फाइलमधले बाइट उलट्या क्रमाने असतात, ते वाचतानाच पालटून घेतले होते. जिथे रडारला काही दिसलं नाही तिथे -32768 हा आकडा असतो. तो सगळ्यात लहान असल्यामुळे कमाल काढताना आपोआप बाजूला पडतो. एका चौकोनावर प्रोग्राम झटकन चालला आणि उत्तरही बरोबर आलं. त्या वेळी मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग अक्षांश 15 ते 21 आणि रेखांश 73 ते 75 असे बारा चौकोन जोडले. शेजारच्या चौकोनांची कडेची रांग आणि कडेचा स्तंभ सामाईक असतो, त्यामुळे जोडलेल्या पट्ट्यात 21601 रांगा आणि 7201 स्तंभ झाले. एकूण 15,55,48,801 उंच्या, सुमारे 311 एमबी. माहिती बारा पट झाली होती, तेव्हा वेळही बारा पट लागावा. तो बारा पटीहून बराच जास्त लागला. नुसतं हळू चालण्यापेक्षा मला हे जास्त खटकलं, कारण प्रत्येक उंचीमागे करायचं काम तेवढंच होतं: एक वाचन आणि एक तुलना.

याचं उत्तर उंच्या मेमरीत कशा मांडलेल्या असतात इथे सुरू होतं. सी भाषेत द्विमितीय अ‍ॅरे म्हणजे एकच लांब पट्टी: पहिली रांग संपली की तिला लागून दुसरी. रांगेतला शेजारी दोन बाइटवर असतो. स्तंभातला शेजारी, म्हणजे त्याच रेखांशावरचं खालचं ठिकाण, पूर्ण एक रांग ओलांडल्यावर, 7201 गुणिले 2 म्हणजे 14402 बाइटवर असतो. जमिनीवर दोन्ही शेजारी सारखेच तीसेक मीटरवर आहेत, पण मेमरीतलं त्यांचं अंतर सात हजार पटींनी वेगळं आहे.

हे अंतर महत्त्वाचं ठरतं, कारण प्रोसेसर मुख्य मेमरीतून दोन बाइट कधीच आणत नाही. विहिरीवर गेलं की घागरभर पाणी येतं, वाटीभर नाही. इथली घागर म्हणजे कॅश लाइन, आणि माझ्या लॅपटॉपवर, जवळपास सगळ्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरांप्रमाणे, ती 64 बाइटची आहे. एक उंची मागितली की तिच्यासोबत शेजारच्या 31 उंच्याही येतात. रांगेने चाललो तर एका खेपेत 32 उंच्यांचं काम होतं. स्तंभाने चाललो तर घागरीतली एक वाटी वापरायची आणि पुढच्या उंचीसाठी दुसरी घागर आणायची.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं, आणि बहुतेक स्पष्टीकरणं इथेच थांबतात. पण एवढ्यावर माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं. आणलेली घागर लगेच ओतून दिली जात नाही, ती ओट्यावर राहते. पहिला स्तंभ संपवून दुसरा सुरू केला की त्याच घागरींतली दुसरी वाटी लागते. त्या अजून ओट्यावर असतील, तर विहिरीवर पुन्हा जायचं कारणच नाही. तेव्हा खरा प्रश्न असा: एका स्तंभाच्या सगळ्या लाइनी, पुढचा स्तंभ येईपर्यंत, कॅशमध्ये टिकतात का?

माझ्या लॅपटॉपवर कॅशच्या तीन पायऱ्या आहेत. प्रत्येक कोअरजवळ एल1 32 केबीचा, त्यामागे एल2 256 केबीचा आणि सगळ्या कोअरना मिळून एल3 6 एमबीचा. एल1 मधून वाचायला चारपाच क्लॉक लागतात, एल2 मधून साधारण बारा, एल3 मधून चाळीसच्या आसपास. मुख्य मेमरीपर्यंत जावं लागलं तर शेकडो. (हे आकडे तुमच्या यंत्रावर वेगळे असतील. कॅशचे आकार `lscpu` सांगतं.)

आता एकाच चौकोनाचा हिशेब. स्तंभात 3601 उंच्या, प्रत्येक वेगळ्या लाइनीत, म्हणजे 3601 गुणिले 64, सुमारे 225 केबी. एल1 मध्ये 512 लाइनी बसतात, तेव्हा तिथे स्तंभ मावायचा प्रश्नच नाही. तळाच्या रांगेपर्यंत पोचेस्तोवर वरच्या रांगांच्या लाइनी एल1 मधून केव्हाच गेलेल्या असतात. पण 256 केबीच्या एल2 मध्ये तो बहुतांशी मावतो, आणि जे सुटेल ते एल3 मध्ये सापडतं. मुख्य मेमरीतून आणाव्या लागणाऱ्या लाइनी दोन्ही चालींत जवळपास तेवढ्याच: 2,59,34,402 भागिले 64, म्हणजे सुमारे 4 लाख 5 हजार. फरक एल1 मध्ये आहे. रांगेने चालताना एल1 फार तर चार लाख वेळा चुकतो, स्तंभाने चालताना जवळपास प्रत्येक वाचनाला, म्हणजे 1 कोटी 29 लाख वेळा. पण प्रत्येक चुकीची किंमत बहुधा एल2 पर्यंतचीच. म्हणून एका चौकोनावर मला काही जाणवलं नाही.

बारा चौकोनांच्या पट्ट्यात स्तंभाची उंची 21601 झाली. एका स्तंभाच्या लाइनी 13,82,464 बाइट, म्हणजे एल2 च्या पाच पटींहून जास्त. आता एल2 सुद्धा जवळजवळ दर वाचनाला चुकतो आणि एल3 पर्यंत जावं लागतं. माहिती बारा पट झाली, पण शिवाय प्रत्येक वाचन एक पायरी खाली घसरलं. माझ्या कोड्याचं निम्मं उत्तर हे होतं. पूर्ण अ‍ॅरे कॅशपेक्षा किती मोठा आहे यावर ते ठरत नव्हतं, कारण 26 एमबीचा एक चौकोनही माझ्या एल3 मध्ये मावत नव्हता. ते ठरत होतं रांगांच्या संख्येवर, म्हणजे एक स्तंभ किती लाइनींना स्पर्श करतो यावर.

उरलेलं निम्मं उत्तर पत्त्यांत होतं. प्रोग्रामला दिसणारा पत्ता आणि मेमरीतला खरा पत्ता वेगळे असतात. ते जुळवण्याचं काम 4 केबीच्या पानापानाने होतं, आणि अलीकडे वापरलेल्या पानांचे पत्ते टीएलबी नावाच्या छोट्या कॅशमध्ये राहतात. माझ्या प्रोसेसरात त्याच्या दुसऱ्या पायरीत 1536 पानं मावतात. स्तंभाचं एक पाऊल 14402 बाइटचं, म्हणजे साडेतीन पानांचं. प्रत्येक पाऊल नव्या पानावर पडतं आणि एका स्तंभात 21601 पानं लागतात. त्यामुळे दर वाचनाआधी पानाचा पत्ता शोधायला प्रोसेसरला पान-कोष्टकात जावं लागतं, आणि ते कोष्टकही मेमरीतच असतं, त्याच कॅशमध्ये जागा अडवतं. रांगेने चालताना हाच खर्च दोन हजार अठ्ठेचाळीस उंच्यांमागे एकदा येतो.

प्रीफेचर मदतीला येतो का, हेही मी तपासलं. पुढे काय लागेल याचा अंदाज घेऊन लाइनी आधीच आणून ठेवणारी ही यंत्रणा रांगेच्या चालीत फार चांगली चालते. पण इंटेलच्या प्रोसेसरांत एकसारख्या उड्या ओळखणारा एल1 चा प्रीफेचर 2 केबीपर्यंतच्याच उड्या ओळखतो, आणि एल2 चा प्रीफेचर 4 केबीच्या पानाची हद्द ओलांडत नाही. चौदा हजार बाइटची उडी दोघांच्याही आवाक्याबाहेरची.

हे सगळं कागदावर जुळलं, तरी यंत्रावर पाहिल्याशिवाय मी ते मानणार नव्हतो. लिनक्सवर मोजायला हे पुरतं:

```
perf stat -e cycles,L1-dcache-loads,L1-dcache-load-misses,dTLB-load-misses ./kad
```

स्तंभाच्या चालीत एल1 च्या चुका उंच्यांच्या संख्येला जाऊन भिडल्या पाहिजेत, म्हणजे साडेपंधरा कोटींच्या आसपास. रांगेच्या चालीत या लूपाच्या वाट्याला साधारण 48 लाख 60 हजार. हे जुळत नसेल, तर दोष कॅशचा नाही, दुसरीकडे शोधावं.

पण मला सगळ्यात जास्त पटलेली चाचणी याहून साधी आहे. पट्ट्याची रुंदी 7201 च ठेवायची आणि रांगा मात्र वरून फक्त 400 घ्यायच्या, मग 3000, मग सगळ्या 21601. दर वेळी लागलेला वेळ भागिले उंच्यांची संख्या, म्हणजे एका उंचीमागचा खर्च काढायचा. 400 रांगांचा स्तंभ 25 केबीचा, तो एल1 मध्ये राहतो. 3000 चा 187 केबीचा, तो एल2 मध्ये. पूर्ण पट्टा एल3 मध्ये. एका उंचीमागचा खर्च सरळ रेषेत वाढत नाही, पायऱ्यांनी चढतो, आणि पायऱ्या कॅशच्या आकारांपाशी येतात. त्यांच्या कडा अगदी तीक्ष्ण दिसत नाहीत, कारण कॅशमध्ये इतरही गोष्टी असतात. पण पायऱ्या दिसल्या की संशयाला जागा उरत नाही. रांगेच्या चालीत हाच आलेख जवळपास सपाट असतो.

दुरुस्ती दोन ओळींच्या अदलाबदलीची आहे. एका स्तंभाची कमाल पूर्ण करून पुढे जाण्याऐवजी सगळ्या स्तंभांची आत्तापर्यंतची कमाल हाताशी ठेवायची आणि रांगेमागून रांग वाचत ती सुधारत जायची:

```c
for (int c = 0; c < W; c++) top[c] = INT16_MIN;
for (int r = 0; r < H; r++) {
    const int16_t *row = h + (size_t)r * W;
    for (int c = 0; c < W; c++)
        top[c] = row[c] > top[c] ? row[c] : top[c];
}
```

`top` चा आकार 14402 बाइट, म्हणजे तो 32 केबीच्या एल1 मध्ये निम्म्याहून कमी जागेत राहतो. अ‍ॅरेची प्रत्येक लाइन एकदाच येते, तिच्यातल्या सगळ्या 32 उंच्या वापरल्या जातात आणि तिची पुन्हा गरज पडत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे वेगळी काढायला हवी. नवा आतला लूप सलग बाइटांवर चालतो, त्यामुळे कंपायलर तो वेक्टर सूचनांत बदलतो आणि एकदम आठ किंवा सोळा उंच्यांची तुलना करतो. जुन्या लूपला हे जमत नव्हतं. नुसती दोन वेळांची तुलना करून सगळं श्रेय कॅशला दिलं, तर ते चुकीचं ठरेल. म्हणून दोन्ही प्रकार `-O2 -fno-tree-vectorize` ने बांधून पुन्हा मोजले. तेव्हाही रांगेची चाल कित्येक पट पुढे राहिली. तो भाग कॅशचा आणि टीएलबीचा. उलट, जीसीसी 8 पासून `-O3` मध्ये लूपांची अदलाबदल करण्याची सोय आहे, आणि ती लागू पडली तर उभा लिहिलेला लूपही आडवा चालतो. तुमच्या मोजणीत फरकच दिसला नाही, तर आधी `-fno-loop-interchange` देऊन पाहा.

या प्रकरणात मी एक चूक केली, तीही सांगतो, कारण ती सहज घडते. प्रत्येक रांग 64 बाइटच्या हद्दीवर सुरू झाली तर बरं, म्हणून रुंदी 7201 वरून 8192 केली. दोनाचा घात, नीटनेटका आकडा. मेमरी जेमतेम 14 टक्के वाढली. रांगेच्या चालीवर काहीच परिणाम झाला नाही, पण स्तंभाची चाल आधीपेक्षाही पुष्कळ मंदावली. आणि 400 रांगांची ती छोटी चाचणी, जी एल1 मध्ये छान बसत होती, तीही ढासळली.

कारण असं की कॅशमध्ये कोणतीही लाइन कुठेही ठेवता येत नाही. 32 केबीच्या एल1 मध्ये 64 संच असतात आणि प्रत्येक संचात आठ जागा. लाइन कोणत्या संचात जायची हे तिच्या पत्त्यातले ठरावीक सहा बिट सांगतात, आणि दर 4096 बाइटनंतर ते बिट पुन्हा तेच येतात. नवी रांग 16384 बाइटची, म्हणजे 4096 ची बरोबर चौपट. त्यामुळे एका स्तंभातल्या सगळ्याच उंच्या एकाच संचावर आदळतात. 512 जागांच्या ओट्यावर मला फक्त आठ जागा मिळाल्या, बाकीच्या 504 या स्तंभासाठी नव्हत्याच. एल2 मध्ये संच जास्त, पण तिथेही हेच सहा बिट संच ठरवण्यात असतात, तेव्हा तिथेही चौसष्टावा हिस्साच हाती येतो: 4096 लाइनींपैकी 64. एल3 मध्ये पत्ते तुकड्यांत विखुरले जातात, पण तुकड्याच्या आतला संच ठरवताना हे बिट पुन्हा आड येतात. साध्या रुंदीच्या पट्ट्यात एल3 जो स्तंभ सांभाळत होता, तोही आता निसटला आणि वाचनं थेट मुख्य मेमरीवर जाऊ लागली.

7201 मध्ये हे का घडत नव्हतं? 14402 भागिले 64 म्हणजे 225 आणि थोडं वर. 64 ने भागून 225 ची बाकी 33 उरते, म्हणजे प्रत्येक पाऊल साधारण 33 संच पुढे पडतं, आणि 33 विषम असल्यामुळे स्तंभ सगळ्या संचांत सारखा पसरतो. तो निव्वळ योगायोग होता. रांगा हद्दीवर आणायच्याच असतील, तर एका रांगेतल्या लाइनींची संख्या विषम ठेवावी. 226 लाइनी घेतल्या तर अर्धेच संच वापरले जातात. 227 घेतल्या, म्हणजे रुंदी 7264 उंच्यांची केली, तर सगळे.

आणखी एक मर्यादा. लूपांची अदलाबदल कमाल, किमान, बेरीज, सरासरी यांना चालते, कारण त्यांना स्तंभामागे एखादा आकडा लक्षात ठेवला की पुरतं. पुढे मला प्रत्येक रेखांशाची मध्यक उंची हवी होती, आणि त्यासाठी पूर्ण स्तंभ एका जागी लागतो. तिथे मी एकेक स्तंभ न उचलता 32 स्तंभ एकदम उचलले. प्रत्येक रांगेतून 32 उंच्यांचा तुकडा वाचायचा आणि 32 वेगवेगळ्या लहान अ‍ॅरेंत एकेक टाकायची. आलेली लाइन तेव्हाच्या तेव्हा पूर्ण वापरली जाते, आणि नंतर प्रत्येक लहान अ‍ॅरे, 43 केबीचा, सलग असल्यामुळे सुखाने क्रमवार लावता येतो. पानाचा पत्ता शोधण्याचा खर्चही 32 स्तंभांत वाटला जातो.

फोरट्रान, मॅटलॅब, आर किंवा ज्युलियामध्ये काम करणाऱ्यांनी हे सगळं उलटं वाचावं. तिथे स्तंभ सलग असतो आणि माझा पहिला लूपच योग्य ठरला असता. नमपायमध्ये नेहमीची मांडणी सीसारखी असते, पण अ‍ॅरे ट्रान्सपोज केला की बाइट जागचे हलत नाहीत, फक्त उड्यांचे आकडे बदलतात. तिथे रांग म्हणून जी दिसते ती मेमरीत स्तंभ असू शकते. `h.strides` छापून पाहावं आणि लहान आकडा ज्या दिशेला आहे ती दिशा आतल्या लूपला द्यावी.

दोन्ही चालींनी काढलेली रेषा एकमेकींवर ठेवून तपासली, 7201 पैकी एकही आकडा वेगळा नव्हता. डावीकडून 2550 व्या स्तंभाच्या आसपास, 73.7 रेखांशावर, तिचं टोक वर गेलेलं दिसतं. ते कळसूबाई.